सातबाऱ्यावरचा हिस्सा नकाशात शोधताना

कोकणातल्या एखाद्या गावाचे सगळे सातबारे एका तक्त्यात उतरवून घ्या, त्याच गावाचा संगणकावरचा नकाशा शेजारी उघडा आणि दोन्हींतले नंबर एकमेकांशी जुळवायला सांगा. सुटे, न फुटलेले सर्व्हे नंबर बिनतक्रार जुळतात. जिथे तिरकी रेघ येते, म्हणजे हिस्सा नंबर सुरू होतो, तिथे मात्र अडते. सातबाऱ्यावर ‘४५/२अ/१’ आहे आणि नकाशात `45/2/A`. संगणकाच्या दृष्टीने ही दोन परकी नावे आहेत.

हे कसे होते ते आधी पाहू. सातबारा तलाठ्याकडचा, नकाशा भूमि अभिलेख कार्यालयातला. सर्व्हे नंबरचा तुकडा रीतसर पडायचा असेल तर पोटहिस्सा मोजणी होते, कमी-जास्त पत्रक तयार होते, आकारफोड होते आणि मग नवे हिस्से नकाशात आणि सातबाऱ्यावर दोन्हीकडे येतात. पण व्यवहार मोजणीसाठी थांबत नाही. पाच गुंठे विकले, खरेदीखत झाले, फेरफार मंजूर झाला, सातबारा वेगळा निघाला. नकाशातली रेषा जागची हलली नाही. अशा सातबाऱ्यावर नंबरापुढे ‘पै’ लागतो, म्हणजे ‘पैकी’. सर्व्हे नंबर ४५/३ पैकी काही जमीन एवढेच तो सांगतो. ती कुठल्या कोपऱ्यात आहे ते सांगत नाही. म्हणून ‘४५/३ पै’ची वेगळी आकृती नकाशात शोधत बसू नये. ती कुणी काढलेलीच नाही.

लिखाणातले फरक त्यामानाने सोपे आहेत, पण ते ठरलेल्या क्रमाने काढावे लागतात. सर्वांत आधी नंबराचा रकाना मजकूर म्हणून ठेवा. तसे केले नाही तर एक्सेल ‘१२/३’ला मार्चची १२ तारीख समजतो आणि मूळ नंबर हातचा जातो. कुणी तिरक्या रेघेऐवजी टिंब दिले असेल तर आणखी वाईट: `45.10` ही संख्या ठरते, शेवटचे शून्य गळते आणि दहावा हिस्सा गुपचूप पहिला होऊन बसतो. त्यानंतर देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकसारखे करायचे, जागा आणि आडव्या रेघा काढायच्या. अक्षरांचे एक पथ्य पाळायचे: अ, ब, क, ड म्हणजे `A`, `B`, `C`, `D`. उच्चारावर जाऊन ‘क’चा `K` करणारी तयार लिप्यंतरे इथे कामाची नाहीत.

मग नंबर त्याच्या सांध्यांवर तोडायचा. आकड्यानंतर अक्षर आले की नवा तुकडा, अक्षरानंतर आकडा आला की पुन्हा नवा. ‘४५/२अ/१’चे होते ४५, २, अ, १. नकाशातल्या `45/2/A`चे होते ४५, २, अ. आता चित्र स्पष्ट दिसते: पहिले तीन तुकडे तेच आहेत, चौथा नकाशात नाही. म्हणजे नकाशा एका फाळणीने मागे आहे.

या कामात नवखा माणूस हमखास एक सोय वापरतो: ‘जवळचे’ नाव शोधून देणारी आज्ञा. माणसांच्या किंवा गावांच्या नावांना ती ठीक आहे, सर्व्हे नंबरला घातक. ४५/१ आणि ४५/७ यांत एकाच आकड्याचा फरक आहे, पण जमिनी दोन, मालक दोन. उलट ‘४५/२अ’ आणि `45/2/A` अक्षरशः पाहिले तर बरेच वेगळे, जमीन मात्र एकच. नंबर किती सारखा दिसतो याला इथे काडीची किंमत नाही. कोण कुणाच्या पोटातला हिस्सा आहे याला आहे. म्हणून जोडी सापडली नाही तर शेजारच्या नंबराकडे सरकायचे नाही, शेवटचा तुकडा गाळून एक पायरी वर, मूळ हिश्शाकडे जायचे.

आता ताळा. समजा ‘४५/२अ/१’चे क्षेत्र ०.२४.५० आहे, म्हणजे २४ आर ५० चौरस मीटर, आणि ‘४५/२अ/२’चे ०.१८.००. दोन्ही `45/2/A` या एकाच आकृतीला बांधले. बेरीज ४,२५० चौरस मीटर; नकाशातली आकृती मोजली तर ४,२३१. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. जुना कागदी नकाशा संगणकावर उतरवताना एवढे इकडेतिकडे होतेच, तेव्हा ही जोडणी ठेवावी.

त्याच नंबरातला तिसरा हिस्सा मात्र दमवतो. ‘४५/३ पै’चे दोन सातबारे, ०.२१.०० आणि ०.१६.४०. बेरीज ३,७४० आणि आकृती ४,३५२ चौरस मीटर. ६१२ चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांहून अधिक जमीन गायब! पहिला संशय येतो तो तिसऱ्या सातबाऱ्याचा, जो तक्त्यात यायचा राहिला असावा. तो शोधण्याआधी सातबाऱ्याचा डावा रकाना पुन्हा वाचावा. तक्ता करणाऱ्याने फक्त लागवडीयोग्य क्षेत्र उचलले होते; पोटखराबा, एकावर चार आर आणि दुसऱ्यावर दोन, सोडून दिला होता. तो धरला की फरक उरतो १२ चौरस मीटर. बांध, ओहोळ आणि खडक नकाशात मोजले जातात, मग बेरजेतही घ्यायला हवेत.

क्षेत्राचा ताळा एक वेगळीच चूकही पकडतो: नंबर तंतोतंत जुळतात, पण जमीन दुसरीच असते. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार ज्या गावांत योजना लागू झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट ४५ आणि जुना सर्व्हे ४५ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. नकाशा एकत्रीकरणाआधीचा आणि सातबारा नंतरचा असेल तर संगणक आनंदाने शंभर टक्के जोड्या लावून देतो आणि त्यातल्या बहुतेक खोट्या असतात. माझ्या मते न जुळणाऱ्या नंबरांपेक्षा या जोड्यांना जास्त भ्यावे. एखाद्या गावात नंबर सगळे जुळले आणि क्षेत्रे मात्र कशीही निघाली, तर दुरुस्ती करत बसू नका. नकाशाची आवृत्ती तपासा.

ताळ्यालाही मर्यादा आहे. दोन भावांत समसमान वाटणी झाली असेल, तर पहिल्याचा हिस्सा दुसऱ्याच्या आकृतीला जोडला गेला तरी बेरीज बरोबरच येईल. तिथे आकडे काही सांगत नाहीत. मोजणीचे टिपण किंवा फाळणीचा कागद काढून कोणाच्या बाजूला रस्ता आहे, कोणाच्या बाजूला ओढा, हे पाहावे लागते.

म्हणून जोडणीच्या तक्त्यात आणखी एक रकाना हवाच. जोडी थेट लागली, लिखाण सुधारून लागली, मूळ हिश्शाशी लागली की लागलीच नाही, हे प्रत्येक ओळीपुढे नोंदवायचे. हा रकाना नसेल तर पुढचा माणूस मूळ हिश्शाची अख्खी आकृती एकाच खातेदाराच्या नावावर रंगवतो, आणि भरपाईची यादी अशाच नकाशावरून निघाली तर भांडण ठरलेले.

तुमच्या सातबाऱ्यावर नंबरापुढे ‘पै’ असेल, तर नकाशाच्या संकेतस्थळावर दिसणारी आकृती तुमच्या एकट्याची नाही. ती सर्व सहधारकांची मिळून आहे. तुमची हद्द नकाशावर यायची असेल, तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करा; अर्जाआधी सहधारकांशी बोलून घ्या, कारण त्यांची संमती नसली की मोजणी बांधावरच अडते.