काम थांबलं, हिशोब थांबू देऊ नका

आमच्या शिवण गटाकडे शहरातल्या एका संस्थेची 500 कापडी पिशव्यांची ऑर्डर होती. दर 60 रुपये, आगाऊ मिळालेले 10,000. अर्धं काम झालं आणि फोन आला, "ताई, यंदा निधी कमी आलाय. काम थोडे दिवस थांबवा. तयार 200 पिशव्या पाठवा, आगाऊ रक्कम वजा करून 2,000 देतो."

ऐकायला हे बरोबर वाटतं. पण कापड तर आम्ही सगळ्या 500 पिशव्यांचं आणलं होतं, तेही गटाच्या कर्जातून. काम थांबलं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

म्हणून त्याच दिवशी मशिनी थांबवल्या आणि मालाचे तीन ढीग करून मोजले. तयार पिशव्या 200, त्यांचे पूर्ण दराने 12,000. कापलेल्या पण न शिवलेल्या 60. एका पिशवीचं कापड 32 रुपये आणि कापणी 4, म्हणजे 36 प्रमाणे 2,160. न कापलेलं कापड 240 पिशव्यांचं, 7,680 रुपयांचं. त्यावर संस्थेचं नाव छापलेलं, दुसरीकडे खपणार नाही, म्हणून तेही हिशोबात धरलं. कापड साधं असतं तर ते आम्ही ठेवून घेतलं असतं आणि त्याचे पैसे मागितले नसते. एकूण 21,840. त्यातून आगाऊ 10,000 वजा. येणं 11,840, 2,000 नव्हे.

तिन्ही ढिगांचे फोटो, कापडाचं बिल आणि हा हिशोब संस्थेला पाठवला. पैसे आले तेव्हा माल दिला. आधी माल गेला असता, तर मागायला हातात काही उरलं नसतं. पैसे दिलेलं कापड आता संस्थेचं. ते आमच्याकडे राहिलं, म्हणून किती आहे ते लिहून दोघांनी सही केली.

त्याच कागदावर पुढच्या अटी लिहिल्या. काम पुन्हा हवं असेल तर संस्थेने 15 दिवस आधी लेखी कळवायचं. मधल्या काळात आम्ही दुसरं काम घेऊ. उरलेल्या पिशव्यांसाठी नवीन आगाऊ रक्कम द्यायची. कापडाचे पैसे मिळालेत, ते पुन्हा धरायचे नाहीत. शिलाई आणि दोऱ्याचा दर मात्र त्या वेळचा. तीन महिन्यांत निरोप आला नाही तर ऑर्डर संपली, आणि संस्थेने आपलं कापड घेऊन जायचं.

ही शेवटची अट विसरू नका. "थोडे दिवस" म्हणजे किती, हे लिहिलं नाही, तर कापड वर्षभर पेटीत पडून राहतं आणि दुसरं काम घ्यावं की नाही, तेही कळत नाही.

पुढच्या ऑर्डरपासून आम्ही दर फोडूनच लिहितो: कापड किती, कापणी किती, शिलाई किती. तो फोड आमच्या वहीत होता, म्हणूनच अर्धवट पिशवीची किंमत त्यांच्यासमोर मांडता आली.