कात्री राखून शिवलेला पोशाख

किमोनो हा शिवलेला पोशाख असला तरी अंगाच्या मापाला त्याला शिवण बसवत नाही. शिवण त्याचे तुकडे एकत्र ठेवते, माप बसवायचे काम नेसणाऱ्याच्या दोऱ्या आणि घड्या करतात. कापड बेतताना कुठेही अंगाचा बाक कापायचा नाही, या एका निर्णयातून बाहीची उघडी कड, कमरेची घडी, मागे ओढलेली कॉलर आणि कमरेभोवती गुंडाळायची रुंद ओबी एकामागून एक निघत गेले असे मला वाटते. एरवी ही सगळी नजाकत म्हणून सांगितली जाते.

सुरुवात तान्मोनोपासून करावी. किमोनोसाठी विणलेल्या या ताग्याचा पन्हा जेमतेम ३८ सेंटीमीटर आणि लांबी साधारण १२ ते १३ मीटर असते. १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी तो बेतायचा म्हटला, तर आधी पूर्ण पन्ह्याचे दोन लांब पट्टे निघतात. प्रत्येक पट्टा पुढच्या घेरापासून खांद्यावरून थेट मागच्या घेरापर्यंत जातो, म्हणून खांद्यावर शिवणच नसते. या दोन पट्ट्यांत सुमारे ७ मीटर जातात. दोन बाह्या मिळून २ मीटरहून थोडे अधिक घेतात. उरलेले ३ मीटर उभे चिरले की एका अर्ध्यातून पुढच्या दोन्ही पाळ्यांना जोडायच्या अरुंद पट्ट्या, म्हणजे ओकुमी, निघतात. दुसऱ्या अर्ध्यातून कॉलर निघते आणि तिच्यावर चढवायची, मळ झेलणारी छोटी कॉलरही. आठ तुकडे होतात, सगळे आयताकृती, आणि चिंधी जवळजवळ पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की गळा तर गोल आहे आणि बाहीचा खालचा कोपराही गोलसर असतो. गळ्यासाठी प्रत्यक्षात खांद्याच्या रेषेवर एक सरळ चीर दिलेली असते. कॉलरची पट्टी त्या चिरेभोवती फिरून तिरकी खाली उतरते, आणि तिच्या खाली येणारे जास्तीचे कापड कापून न टाकता आत दुमडून ठेवतात. बाहीच्या कोपऱ्याची गोलाईही चुण्या घेऊन आतल्या बाजूला दाबलेली असते. शिवणीतल्या मायेचेही तसेच. बारीक अंगाच्या बाईसाठी कडा कापत नाहीत, माया रुंद घेतात. शिवण हाताने घातलेल्या साध्या धावदोऱ्याची असते, आणि ताण आला की कापड फाटण्याआधी दोरा तुटावा हा तिचा एक फायदा. दुसरा फायदा धुताना कळतो. रेशमी किमोनो पारंपरिक पद्धतीने धुवायचा तर तो पूर्ण उसवतात, आठही तुकडे टोकाला टोक जोडून पुन्हा ताग्यासारखी पट्टी करतात, धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवतात आणि मग परत शिवतात. आईचा किमोनो मुलीच्या मापाचा होतो तो इथे.

हे सरळ कापड अंगावर गोल कसे बसते? त्यासाठी आधी अंगच थोडे सरळ करतात. आतल्या सुती कपड्यांवर, कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची घडी बांधली जाते, कारण बाक जितका कमी तितक्या चुण्या कमी. त्यावर नागाजुबान हा किमोनोच्याच आकाराचा आतला झगा येतो. त्याच्या कॉलरवर हानएरी नावाची सुटी पट्टी मोठ्या टाक्यांनी टाचलेली असते. बाहेर दिसते ती हीच, आणि मळली की तेवढीच बदलतात. मग किमोनो. डावी पाळी उजवीवर येते. ७१९ साली दरबाराने तसा हुकूम काढला होता आणि उलटी पाळी फक्त मृतदेहाला घालतात. बाईच्या किमोनोची लांबी तिच्या उंचीएवढी, म्हणजे नेसण्यापेक्षा बरीच जास्त असते. घेर घोट्यापर्यंत उचलून कमरेला दोरी बांधली की वरचे कापड दोरीवरून खाली लोंबते. ते सारखे केले की ओबीच्या खाली चारेक बोटे दिसणारी आडवी घडी तयार होते, तिला ओहाशोरी म्हणतात. पूर्वी घरात घेर जमिनीवर लोळू देत आणि बाहेर पडताना तो वर खोचत. मेइजी काळात हे खोचणे कायमचे झाले. पुरुषाचा किमोनो उंचीला नेमका बेतलेला असल्याने त्याला ही घडी नसते.

कॉलर हा नेसण्याचा खरा कस. बाईच्या किमोनोत गळ्याची चीर खांद्याच्या रेषेपेक्षा दोनेक सेंटीमीटर मागे सरकवलेली असते, म्हणून कॉलर मानेमागे मूठभर दूर ठेवता येते. ही जागा टिकली नाही तर दोष छातीवर दिसतो. मागची कॉलर मानेला चिकटली की पुढची सैल पडून उघडी होते. अशा वेळी पुढून ओढून काही होत नाही. मागे, ओबीखालून पाठीच्या मधल्या शिवणीजवळ कापड खाली ओढावे लागते. ती शिवण कण्यावर सरळ आहे का, एवढे पाहिले तरी नेसणे नीट झाले की नाही ते समजते.

बाहीचा आकार मात्र ओबीशिवाय उलगडत नाही. नेहमीची बाही ४९ सेंटीमीटर लांब असते, आणि तिचा वरचा सुमारे २३ सेंटीमीटर भागच अंगाला शिवलेला असतो. खालचा भाग मोकळा लोंबतो आणि तिथे अंगाच्या बाजूलाही काखेखाली फट ठेवलेली असते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ओबी अरुंद पट्टी किंवा दोरी होती, तेव्हा बाही अंगाला लागून असली तरी चालत असे. पुढे ओबी रुंदावत ३० सेंटीमीटरच्या घरात गेली आणि छातीपर्यंत चढली. बाही तशीच शिवलेली राहिली असती तर हात हलवताच ओबीत अडकली असती. आजही काखेतल्या याच फटीतून हात घालून ओहाशोरी सारखी करतात. पुरुषाची ओबी अरुंद आणि कमरेखाली, म्हणून त्याची बाही जवळजवळ पूर्ण शिवलेली आणि काखेखाली बंद. एकाच कापडाच्या या दोन बाह्या शेजारी ठेवल्या की कारण दिसते.

ओबी स्वतः वस्त्र धरून ठेवते हा समज अर्धाच खरा आहे. धरतात त्या आतल्या दोऱ्या, ओबी त्यांना झाकते. रोजच्या वापराची नागोया ओबी साडेतीन मीटरांच्या आसपास असते. तिचा अंगाभोवती दोन वेढे घेणारा भाग आधीच अर्ध्यात दुमडून शिवलेला असतो आणि पाठीवर येणारा भाग पूर्ण रुंद. त्या रुंद भागाची ओताइको ही चौकोनी गाठ खरे तर गाठ नसतेच. छोट्या उशीवर कापड टाकून त्याची पेटीसारखी घडी करतात. उशी ओबीआगे या रेशमी पट्टीने पुढे बांधली जाते आणि घडी ओबीजिमे या विणलेल्या दोरीने. ही दोरी सुटली की पाठीवरचा चौकोन लगेच पडतो.

नऊवारी नेसणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल, कारण तिथेही माप नेसण्यात असते. पण नऊवारीला गळ्याची चीर नाही, बाही नाही. किमोनोत काही जागा कायमच्या ठरलेल्या आहेत आणि माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप तिथून येतो. होमोंगी या समारंभी प्रकारात चित्र शिवणी ओलांडून सलग जाते. पांढरे कापड आधी कच्चे शिवून त्यावर रेखाटन करतात, मग उसवून रंगवतात. असा किमोनो दुसऱ्याच्या मापाला नेला की फांदी शिवणीवर तुटते. यंत्रावर शिवलेल्या पॉलिस्टर किमोनोला तर उसवण्याची गरजच नाही, तो घरी धुता येतो. तरी त्याचेही तुकडे सरळच आहेत.

दुसरी मर्यादा पन्ह्याची आहे. मानेच्या मध्यापासून मनगटापर्यंतचे अंतर दोन पन्ह्यांतच भागवायचे असते, त्यामुळे लांब हातांच्या माणसाला बाही आखूड पडते. त्यावर तोडगा मागावर निघाला आणि पुरुषांसाठी ४० सेंटीमीटरहून रुंद तागे विणले जाऊ लागले. जुना किमोनो मात्र शिवणीत दडलेल्या मायेइतकाच वाढतो, आणि ती सोडली की इतकी वर्षे उजेड न लागलेली गडद पट्टी बाहीच्या जोडावर दिसू लागते.