रोजचा दीड जीबी जातो कुठे?

बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक तक्रार हमखास निघते. रिचार्ज तर परवाच मारला, मग संध्याकाळी सात वाजता नेट का बंद पडतं? गटाच्या ग्रुपवर फोटो टाकावा तर तो गोल गोल फिरत राहतो. दुकानात पैसे पाठवायला घेतले की मागची गिऱ्हाइकं खोळंबतात. कंपनी फसवते, असं काहीजणी म्हणतात. काहीजणी पोरांना रागावतात. डेटा मोजतात कसा हे एकदा कळलं, की आपला कशात गेला ते आपल्याच फोनवर पाहता येतं.

जीबी म्हणजे किती?

फोनमध्ये येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ती अक्षरं असोत, फोटो, आवाज की व्हिडिओ, बाइटमध्ये मोजतात. बाइट फार लहान असतो, म्हणून मोठी मापं केली. साधारण हजार बाइटचा एक केबी, हजार केबीचा एक एमबी आणि हजार एमबीचा एक जीबी. हजार ग्रॅमचा किलो आणि हजार किलोचा टन, तशीच ही चढती मापं आहेत. दीड जीबी म्हणजे दीड हजार एमबी.

‘उद्या अकरा वाजता समाजमंदिरात बैठक आहे’ हा निरोप घ्या. मराठीतलं एक अक्षर किंवा काना-मात्रा साठवायला तीन बाइट लागतात, तेव्हा हा सगळा निरोप शंभर बाइटच्या आसपास जातो. तो पोचवण्यासाठी व्हॉट्सॲपला जी जास्तीची माहिती पाठवावी लागते ती धरूनही एक केबी पुष्कळ झाला. या हिशेबाने एका जीबीत असे दहा लाख निरोप जातील. म्हणजे निरोप लिहून डेटा संपणं जवळजवळ अशक्य आहे.

व्हॉट्सॲपवरून साध्या दर्जात पाठवलेला फोटो साधारण दोनशे केबीचा असतो. पाच फोटोंना एक एमबी. एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज याहूनही हलका. यूपीआयने पैसे पाठवायलाही फारसा डेटा लागत नाही. खरा खर्च सुरू होतो तो चित्र हलायला लागल्यावर.

व्हिडिओ एवढा का खातो?

व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात वीस-तीस चित्रं. ती सगळी जशीच्या तशी पाठवली तर कुठलाही प्लॅन पुरणार नाही. म्हणून आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायची युक्ती केलेली असते. तरीसुद्धा प्रत्येक सेकंदाला नवा माल येतच राहतो. चित्र जितकं स्पष्ट, तितका माल जास्त.

ही स्पष्टता यूट्यूबवर 144p, 360p, 480p, 720p अशा आकड्यांनी दाखवतात. चित्र वरपासून खालपर्यंत किती ओळींचं आहे, तो हा आकडा. 360p वर एका मिनिटाला साधारण पाच एमबी लागतात, 720p वर पंधराच्या आसपास. व्हिडिओत हालचाल किती आहे त्यावर हे कमीजास्त होतं, पण अंदाजाला पुरेसं आहे. तोच ब्लाउज कटिंगचा तासाभराचा व्हिडिओ 360p वर तीनशे एमबीत होतो आणि 720p वर नऊशे घेतो. वहीएवढ्याही नसलेल्या स्क्रीनवर कापड कुठे कापायचं ते दोन्हींत दिसतं.

रील्सचं आणखी एक आहे. आपण एक पाहत असतो तेव्हा ॲप पुढची एक-दोन आधीच उतरवून ठेवतं, बोट सरकवल्यावर थांबावं लागू नये म्हणून. दोन सेकंद पाहून पुढे ढकललेल्या रीलचाही डेटा असा गेलेला असतो.

एका दिवसाचा हिशेब

गटातल्या एखाद्या ताईंचा दिवस धरून चालू. प्लॅन रोज दीड जीबीचा. सकाळी सुप्रभातचे, देवाचे, वाढदिवसाचे मिळून साठ फोटो आले : बारा एमबी. नातेवाइकांनी पुढे ढकललेले चार-पाच छोटे व्हिडिओ : चाळीस. पुण्यातल्या मुलाशी वीस मिनिटं व्हिडिओ कॉल, मिनिटाला पाच एमबी धरले तर शंभर. दुपारी तासभर शिवणकामाचा व्हिडिओ 720p वर : नऊशे. संध्याकाळी स्वयंपाकाआधी अर्धा तास रील्स : चारशेच्या घरात. किराणा दुकानात दोनदा पैसे पाठवले आणि गटाच्या हप्त्याचा निरोप टाकला : दोन-तीन एमबी.

बेरीज होते साधारण 1,455 एमबी. दीड हजाराला टेकलीच. यातले तेराशे एमबी फक्त दोन गोष्टींनी नेले, शिवणकामाच्या व्हिडिओने आणि रील्सनी. तोच शिवणकामाचा व्हिडिओ 360p वर पाहिला असता तर सहाशे एमबी वाचले असते. सुप्रभातचे फोटो बंद करून बाराच एमबी वाचतात. ग्रुपवर भांडण मात्र होतं.

संपला म्हणजे नेमकं काय होतं?

रोजच्या कोट्याचे बहुतेक प्लॅन डेटा संपल्यावर नेट तोडत नाहीत, वेग पाडतात. हा पाडलेला वेग बहुतेक वेळा 64 केबीपीएस असतो, म्हणजे सेकंदाला फक्त आठ केबी. दोनशे केबीच्या फोटोला पंचवीस सेकंद. 360p चा एक मिनिटाचा व्हिडिओ यायला दहा मिनिटं. लिहिलेला निरोप मात्र जातो. पैसेही जाऊ शकतात, पण अडखळत, आणि अशा वेळी पैसे गेले नाहीत असं वाटून पुन्हा पाठवायची घाई करू नये. आधी बँकेचा मेसेज किंवा ॲपमधला व्यवहारांचा तपशील पाहावा.

कोटा संपला की टॉवरच कमजोर आहे, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. लिहिलेले निरोप जातात पण फोटो अडकतात, आणि कंपनीचा ‘शंभर टक्के डेटा वापरला’ असा मेसेज आलेला आहे, तर कोटा संपला. असा मेसेज नाही, रेंजच्या काड्या एक-दोनच आहेत आणि साधा फोनही तुटतोय, तर दोष टॉवरचा. तेव्हा जादा डेटाचं रिचार्ज मारून उपयोग नाही. अर्धा आणि नव्वद टक्के डेटा वापरल्यावरही कंपनी मेसेज पाठवते. जाहिरातींच्या गर्दीत आपण तो न वाचताच सोडून देतो.

साधे फोन कॉल आणि ओटीपीचा एसएमएस या डेटातून जात नाहीत. नेट बंद ठेवलं तरी ते चालतात. व्हॉट्सॲपवरून लावलेला कॉल मात्र डेटातूनच जातो. प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असतं ते बहुधा साध्या कॉलबद्दल असतं.

चोर शोधायचा कसा?

फोनच्या Settings मध्ये वरच्या शोधायच्या चौकटीत data usage असं लिहा. कोणत्या ॲपने किती डेटा घेतला त्याची यादी येते, सगळ्यात खादाड सर्वांत वर. यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम वर असेल तर नवल नाही. पण आपण हातही न लावलेलं ॲप वर दिसलं, तर ते मागच्या मागे काम करतंय.

असं बहुतेक वेळा Google Photos किंवा Play Store च्या बाबतीत होतं. पहिलं आपले फोटो-व्हिडिओ इंटरनेटवर जपून ठेवायला वर चढवत असतं, दुसरं ॲपची नवी आवृत्ती उतरवत असतं. लग्नात शूट केलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ कित्येकशे एमबीचा असू शकतो. तो वर चढला तरी डेटा आपलाच जातो, कारण जाणारा आणि येणारा दोन्ही मोजतात. दोन्ही ॲपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटा न वापरण्याची सोय आहे. यादीत hotspot दिसला, तर आपल्या नेटवर घरातलं दुसरं कुणी तरी चालतंय.

बदल करायचेच तर दोन पुरेत. यूट्यूबमध्ये एकदा हे करून ठेवा :

```
Settings > Video quality preferences > Video quality on mobile networks > Data saver
```

आणि व्हॉट्सॲपमध्ये हे :

```
Settings > Storage and data > Media auto-download > When using mobile data
```

इथल्या खुणा काढल्या की फोटो-व्हिडिओ आपण बोट लावल्यावरच उतरतात.

रिचार्ज घेताना

दुकानात ‘तीनशेवाला मारा’ म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा : मुदत किती दिवस, डेटा रोजचा की एकगठ्ठा, आणि मुदत संपेपर्यंत कॉल चालू राहतील ना. अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण वर्षात तो बारा नव्हे, तेरा वेळा मारावा लागतो. दोन प्लॅन ताडून पाहायचे तर किमतीला दिवसांनी भागा, म्हणजे रोजचा खर्च कळतो.

रोज व्हिडिओ पाहणारीला रोजचा कोटा बरा. एरवी निरोप आणि पैशांपुरतंच नेट लागतं, पण महिन्यात दोन दिवस प्रशिक्षणाचे मोठे व्हिडिओ असतात, तिला एकगठ्ठा डेटा परवडतो. सासूबाईंकडे बटणाचा फोन असेल तर त्यांना डेटाची गरजच नाही. फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवलेच पाहिजेत, असं दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आणि 2025 पासून ते मिळू लागले. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून विचारावं लागतं.

रोजच्या कोट्यातला उरलेला डेटा उद्याला मिळत नाही. रात्री बारा वाजता तो जातो आणि नवा सुरू होतो. गटाला याचा फायदा करून घेता येतो. रात्री नऊला चार-पाचशे एमबी शिल्लक दिसले, तर पापड-मसाल्याच्या प्रशिक्षणाचा व्हिडिओ एकीने यूट्यूबवर Download करून ठेवावा. बैठकीत तो एका फोनवर सगळ्यांनी मिळून पाहिला, थांबवून पुन्हा लावला, तरी नव्याने डेटा जात नाही. दहाजणींनी आपापल्या घरी पाहिला असता तर दहा वेळा गेला असता.