लच्छेदार रबडी: वर थांबायचं, खाली हलवायचं

मथुरा-बनारसकडच्या हलवायांची लच्छेदार रबडी म्हणजे नुसतं घट्ट आटवलेलं दूध नव्हे. आटत जाणाऱ्या दुधावरची साय थर-थर गोळा करून ती शेवटी त्याच दुधात सोडलेली असते. आपल्या बासुंदीत साय वेळोवेळी दुधातच मोडून टाकतात, म्हणून ती ओतता येते. रबडी चमच्याने उचलून खावी लागते.

यातली अडचण अशी, की साय धरायला दुधाचा पृष्ठभाग शांत हवा, आणि दूध बुडाला लागू नये म्हणून तळ सतत हलता हवा. सगळं ढवळत राहिलं तर लच्छे होत नाहीत, आणि न ढवळता ठेवलं तर दूध करपतं. म्हणून वरचं आणि खालचं काम वेगवेगळ्या हाताने करायचं असतं.

आधी भांडं. पसरट, जाड बुडाची कढई घ्यावी. तोंड जितकं रुंद तितकी वाफ लवकर जाते आणि सायही जास्त मिळते. हलवाई लोखंडी कढई वापरतात. घरी जाड हिंडालियमची उत्तम. पातळ स्टील टाळावं, कारण स्टीलमधून उष्णता नीट पसरत नाही आणि ज्योतीच्या बरोबर वरचा गोल भाग तेवढा तापून तिथेच दूध लागतं. तेच भांडं वापरणं भाग असेल तर खाली जाड तवा ठेवावा. नॉनस्टिक इथे उपयोगाचं नाही, कारण त्याच्या कडांना साय चिकटून राहत नाही.

दोन लिटर म्हशीचं दूध धरू. ते होमोजिनाइज्ड नसावं, त्यावर जाड साय येत नाही. आधी रिकामी कढई वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवावा. का ते पुढे येईल. मध्यम आचेवर, तळाशी कालथा फिरवत पहिली उकळी आणावी. या टप्प्यात साय धरायची नसते, त्यामुळे मनसोक्त ढवळावं. तापताना दुधातली प्रथिनं तळाला चिकटू लागतात आणि करपण्याची सुरुवात त्या पातळ थरापासून होते.

उकळी आली की आच इतकी उतरवावी, की दूध मधोमध जेमतेम थरथरेल. खळखळ उकळी असेल तर साय फाटत राहते. ज्योत कढईच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये, नाहीतर कडेची साय तपकिरी होते. तीन-चार मिनिटांत पातळ साय येते. कालथ्याने ती अलगद कडेला सरकवून दुधाच्या पातळीच्या वर चिकटवावी. हलवाई वरून पंख्याने वारा घालतात, त्याने पृष्ठभाग लवकर सुकून साय लवकर धरते. साय सरकवली, की त्याच वेळी सपाट तोंडाचा लाकडी कालथा उभा धरून तळ घासावा: मधून कडेकडे, पट्टीला पट्टी लावत, दूध न घुसळता. मग पुन्हा हात थांबवून पुढच्या सायीची वाट पाहावी.

दूध पातळ असताना ते आपोआप खालीवर फिरतं. घट्ट होऊ लागलं की हे फिरणं मंदावतं आणि तळाचं दूध तिथेच तापत बसतं. त्यामुळे निम्मं आटल्यावर आच आणखी कमी करावी आणि तळ जास्त वेळा घासावा. बहुतेकांची रबडी शेवटच्या अर्ध्या तासात लागते, कारण सुरुवातीची आच तशीच राहिलेली असते.

किती आटलं हे उंचीवरून ठरवू नये. कढई खाली निमुळती असल्याने दुधाची उंची निम्मी दिसते तेव्हा दूध निम्म्याहून बरंच कमी झालेलं असतं. म्हणून वजन करावं: कढईचं वजन वजा जाता, कडेच्या सायीसकट साडेसातशे ग्रॅमच्या आसपास उरलं की पुरे. याला दीड-दोन तास लागतात.

आता शंभर ग्रॅम साखर. ती आधी घातली तर आटताना रंग गडद होतो आणि तळ लवकर धरतो. साखर विरघळली की रबडी थोडी सैल वाटते, पाच मिनिटं मंद आचेवर ठेवावी. मग कडेच्या सायीवर गरम दूध उडवावं, ती मऊ पडली की कालथ्याने सोडवून मोठ्या तुकड्यांतच आत ढकलावी. कडेला तपकिरी, कडक झालेली पट्टी तशीच सोडावी.

तळ घासताना एखाद्या जागी कालथा अडखळला, खरखरीत लागला, तर तिथे दूध धरलंय. खरवडू नये. गॅस बंद करून दूध न ढवळता दुसऱ्या जाड भांड्यात ओतून घ्यावं आणि पुढचं काम त्यात करावं. तोवर वास शिरला नसेल तर रबडी वाचते. दुधालाच करपट वास आला असेल तर मात्र वेलदोडा-केशराने तो झाकला जात नाही.

गार झाल्यावर रबडी आणखी घट्ट होते, म्हणून हवी त्यापेक्षा किंचित सैल असतानाच उतरवावी.