कातडीची थरथर आणि मणक्याचा ठाव

सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या पशुवैद्यकापुढे जेव्हा मागचे दोन्ही पाय लुळे पडलेला कुत्रा येतो, तेव्हा बधिरता कुठून सुरू झाली हे रुग्ण सांगू शकत नसल्याने ते त्याच्या कातडीवरून आणि स्नायूंवरून वाचून काढावे लागते. मेरुरज्जूच्या एका खंडातून निघालेल्या चेतामुळांकडून कातडीच्या ज्या पट्ट्याला संवेदना मिळते, त्याला डर्माटोम म्हणतात, आणि त्याच खंडाच्या हुकमतीखाली असलेल्या स्नायूंच्या समूहाला मायोटोम. धडावर हे पट्टे एकामागोमाग एक आडवे बसलेले असतात. पायांत मात्र अनेक खंडांची मुळे जाळ्यात एकत्र मिसळून मग स्वतंत्र चेता बनत असल्याने तेथे एका खंडाऐवजी खंडांच्या गटाचा विचार करावा लागतो.

असा गट ओळखण्याचे साधन म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया. पुढच्या पायाचे स्नायू मानेच्या सहाव्या खंडापासून छातीच्या दुसऱ्या खंडापर्यंतच्या भागाकडून चालवले जातात. मागच्या पायात गुडघ्याच्या वाटीखालील अस्थिबंधावर हातोडीने हलका ठोका दिला असता होणारी झेप कमरेच्या चौथ्या ते सहाव्या खंडांची परीक्षा करते, बोट चिमटल्यावर पाय आखडून घेण्याची क्रिया मुख्यतः कमरेच्या सहाव्या खंडापासून त्रिकास्थीच्या पहिल्या खंडापर्यंतच्या भागाची, तर गुदद्वाराचे आकुंचन त्रिकास्थीच्या तिन्ही खंडांची. इजा यांपैकी एखाद्या खंडातच असेल तर त्याची क्रिया मंदावते, स्नायू ढिला पडतो आणि आठवडाभरात झिजू लागतो. इजा त्याच्या पुढे, म्हणजे मेंदूच्या बाजूला असेल तर खंड स्वतः शाबूत राहतो, मेंदूचा लगाम मात्र सुटतो, आणि म्हणून लुळ्या पायातही ती क्रिया टिकून असते, किंबहुना अधिक जोरदार होते.

उदाहरणादाखल डॅशहंड जातीचा मध्यमवयीन कुत्रा घ्यावा, जो रात्री चालत होता आणि सकाळी मागचा भाग फरपटत आहे. पुढच्या पंजाची पालथी बाजू जमिनीला टेकवली असता तो पंजा लगेच सरळ करतो. मागचे पंजे मात्र तसेच उलटे राहतात, तरीही गुडघ्याची झेप ठसठशीत आहे, चिमट्याला पाय आखडतो आणि गुदद्वारही आकुंचन पावते. म्हणजे पुढच्या पायाचे खंड आणि मागच्या पायाचे खंड दोन्ही शाबूत आहेत, आणि इजा त्यांच्या मधल्या, छातीच्या तिसऱ्या ते कमरेच्या तिसऱ्या खंडांमधील पट्ट्यात आहे, असा निष्कर्ष निघतो.

हा पट्टा लांब असल्याने तो आणखी आखडण्यासाठी डर्माटोमची मदत घेतात. कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी कमरेच्या मागच्या भागापासून सुरू करून एकेक मणका पुढे सरकत चिमट्याने हलकेच दाबली जाते. संदेश मेरुरज्जूतून वर चढून मानेच्या आठव्या आणि छातीच्या पहिल्या खंडापर्यंत पोहोचला, तरच तेथून निघणारी चेता धडावरील त्वचेखालच्या पातळ स्नायूला थरथरवते. या कुत्र्यात कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या मागे थरथर नाही आणि पुढे ती स्पष्ट दिसते. पण इजा नेमकी त्या रेषेखाली असते असे नाही, कारण कातडीकडे जाणाऱ्या चेता मणक्यातून बाहेर पडून मागे तिरक्या उतरतात आणि शेजारचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. म्हणून इजा रेषेच्या एक ते चार मणके पुढे धरतात. येथे संशय छातीचा शेवटचा मणका आणि त्याच्या मागच्या-पुढच्या चकत्यांवर येतो, जेथे या जातीत चकती सरकण्याचे प्रमाण सर्वाधिक आहे, आणि एमआरआय किंवा रंगद्रव्य सोडून घेतलेला एक्स-रे याच भागावर केंद्रित करता येतो.

चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. छाती-कमरेच्या ताज्या जबर इजेत पुढचे पाय ताठ होऊ शकतात आणि दोष मानेत असल्याचा भास होतो. तेथे पुढचे पंजे जागेवर येतात की नाही हे पाहूनच निर्णय करावा लागतो. अपघातानंतर लगेच मेरुरज्जूला बसलेल्या धक्क्याने मागच्या पायांच्या क्रिया काही काळ बंद पडतात, म्हणून काही तासांनी तपासणी पुन्हा करावी लागते. काही निरोगी कुत्र्यांत कातडी थरथरतच नाही, त्यामुळे सर्वत्र अभाव असेल तर त्यावरून काही ठरवता येत नाही. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे चिमट्याला आखडलेला पाय पाहून वेदना जाणवते असे मानणे, कारण ती क्रिया मेंदूविनाही घडते. कुत्र्याने मान वळवली, ओरडला किंवा चावू पाहिले, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे म्हणता येते. चकती सरकल्याने ती जाणीव पूर्ण गेलेल्या कुत्र्यांपैकी शस्त्रक्रियेनंतर सुमारे निम्मेच पुन्हा चालू लागतात, म्हणून मागचे पाय अचानक गेलेल्या कुत्र्याला मालकाने घरी वाट पाहत न ठेवता सपाट फळीवर झोपवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.