जुना खोकला आणि स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट

स्पायरोमेट्रीत दोन गोष्टी मोजतात: छाती भरून घेतलेल्या श्वासातली किती हवा जोराने बाहेर टाकता येते, आणि ती किती वेगाने बाहेर पडते. बाहेर पडलेल्या एकूण हवेला रिपोर्टमध्ये ‘एफव्हीसी’ म्हणतात. त्यातली पहिल्या एका सेकंदात निघालेली हवा म्हणजे ‘एफईव्ही-१’. या दोहोंचे गुणोत्तर तिसऱ्या ओळीत असते, आणि खोकल्याच्या रुग्णाने आधी पाहावी ती हीच ओळ.

उदाहरणादाखल, वर्षानुवर्षे चुलीवर स्वयंपाक केलेल्या ५८ वर्षांच्या बाईंचा रिपोर्ट घेऊ. खोकला तीन वर्षांपासूनचा. एफव्हीसी २.१० लिटर, म्हणजे त्यांचे वय आणि उंची असलेल्या निरोगी स्त्रीकडून अपेक्षित असलेल्या २.३० लिटरच्या ९१ टक्के. हा आकडा पाहून घरचे निश्चिंत होतात, पण तो फक्त एवढेच सांगतो की हवा शेवटी जवळजवळ सगळी बाहेर येते. एफईव्ही-१ मात्र १.२० लिटर, अपेक्षेच्या ६७ टक्के. गुणोत्तर ०.५७. ते साधारण ०.७० च्या खाली गेले की श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत असे समजतात. रिपोर्टवरचा ‘ऑब्स्ट्रक्शन’ हा शेरा त्यालाच म्हणतात. वाढत्या वयात हे गुणोत्तर मुळातच थोडे उतरते, म्हणून अनेक डॉक्टर वयानुसार ठरवलेली खालची मर्यादाही पाहतात.

यानंतर साल्ब्युटॅमॉलचा पंप देऊन सुमारे पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. दमा असेल तर आखडलेल्या नलिका सैल होतात आणि आकडा बराच वर जातो. २०० मिलिलिटर आणि १२ टक्के, अशी दोन्ही वाढ झाली तर ती लक्षणीय मानण्याची पद्धत बरीच रूढ आहे. या बाईंचा एफईव्ही-१ फक्त १.२८ लिटरवर आला आणि गुणोत्तर ०.६० वर थांबले. अडथळा कायम राहिला, म्हणून चुलीच्या धुराची पार्श्वभूमी लक्षात घेता सीओपीडीचा संशय बळावतो.

गुणोत्तर चांगले पण एफव्हीसी कमी असेल, तर ‘रिस्ट्रिक्शन’ असा शेरा येतो. फुप्फुस पुरेसे फुलत नसल्याची ती केवळ शंका असते. पूर्ण श्वास सोडल्यावरही छातीत उरणारी हवा हे यंत्र मोजू शकत नाही; त्यामुळे फुप्फुसाची एकूण क्षमता ठरवायला वेगळी तपासणी लागते. अर्धवट फुंकल्यानेही एफव्हीसी कमी दिसते. म्हणून किमान तीन चांगल्या फुंकरी घेतात, आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात. खोकल्याने फुंकर मध्येच तुटली असेल, तर त्या आकड्यांवरून निदान करण्यापेक्षा तपासणी पुन्हा करणे बरे.

सगळे आकडे उत्तम आले तरी दमा नाही असे ठरत नाही. त्रास नसलेल्या दिवशी दम्याच्या रुग्णाचा रिपोर्टही स्वच्छ येऊ शकतो. शिवाय नाकामागून घशात उतरणारा स्राव, आम्लपित्त किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या यांमुळे होणारा खोकला या यंत्राला दिसत नाही, आणि क्षयरोगाची शंका असेल तर थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे आधी करावा लागतो.