शिल्लक लिहायची नाही, काढायची

एक्सेलमध्ये दुकानाचा स्टॉक ठेवताना बहुतेक जण विक्री झाली की शिल्लकचा आकडा खोडून नवा लिहितात. मग आकडा चुकला, तर कुठे चुकला हे शोधायला काही उरत नाही. चांगल्या स्टॉकवहीत शिल्लक हाताने लिहीतच नाहीत. फक्त आवक-जावक नोंदवतात आणि शिल्लक सूत्र काढते.

‘नोंदी’ या शीटमध्ये A ते E असे पाच रकाने असतात: तारीख, मालाचा कोड, आवक, जावक आणि शिल्लक. E2 मध्ये हे सूत्र घालून खाली ओढतात:

```
=SUMIFS(C$2:C2,B$2:B2,B2)-SUMIFS(D$2:D2,B$2:B2,B2)
```

`C$2` जागचा हलत नाही, `C2` मात्र ओळीगणिक पुढे सरकतो. त्यामुळे पहिल्या नोंदीपासून त्या ओळीपर्यंतची, त्याच कोडची बेरीज मिळते. समजा, सिमेंटच्या 60 गोण्या आरंभीची शिल्लक म्हणून आवकेत मांडल्या आणि 12 विकल्या, शिल्लक 48. मध्येच रंगाचे 6 डबे आले, तर त्या ओळीत डब्यांचीच शिल्लक दिसते. पुढे 9 गोण्या गेल्या की सिमेंट 39 वर येते.

‘यादी’ या दुसऱ्या शीटमध्ये प्रत्येक मालाची एकच ओळ असते. A मध्ये कोड, B मध्ये आजची शिल्लक:

```
=SUMIFS('नोंदी'!C:C,'नोंदी'!B:B,A2)-SUMIFS('नोंदी'!D:D,'नोंदी'!B:B,A2)
```

D मध्ये पुनर्मागणीची पातळी येते. सिमेंट रोज सरासरी 8 गोण्या खपत असेल आणि ऑर्डर दिल्यावर माल यायला 4 दिवस लागत असतील, तर तेवढ्या काळाला 32 गोण्या लागतात. गाडी उशिरा आली तर हाताशी असाव्यात म्हणून आणखी 10 धरल्या, की पातळी 42 होते. शिल्लक 39, म्हणजे मागवायची वेळ झाली.

पण ऑर्डर दिल्यावरही शिल्लक 39 च राहते. इशारा तसाच दिसत राहतो आणि दुसरा माणूस पुन्हा माल मागवतो. म्हणून C मध्ये मागवलेला पण न आलेला माल लिहून E मध्ये दोन्हींची बेरीज तपासतात:

```
=IF(B2+C2<=D2,"मागवा","")
```

माल आला की आवक नोंदवून C मधून तेवढा आकडा वजा करायलाच हवा. तो तसाच राहिला तर माल दोनदा मोजला जातो, आणि गोदाम रिकामे होत आले तरी शीट गप्प बसते.

सर्वांत चिवट चूक कोडमध्ये होते. `CEM` च्या पुढे नकळत एक स्पेस पडली, तर एक्सेलच्या लेखी तो निराळा माल. अशा कोडाखाली 7 गोण्यांची जावक टाकली की त्या ओळीची शिल्लक उणे 7 दिसते आणि यादीत सिमेंट 7 गोण्यांनी जास्त भरते. उणे शिल्लक दिसली की आधी कोड पाहावा. डेटा व्हॅलिडेशनने कोड यादीतूनच निवडायला लावला, तर हा घोळ होत नाही.

भिजलेल्या गोण्यांसाठी जुनी ओळ बदलत नाहीत; कारण लिहून नवी जावक टाकतात. नोंदींच्या ओळींची उलटापालट केली, तर E मधली मधली शिल्लक भरवशाची राहत नाही, कारण सूत्र तारीख पाहत नाही, ओळींचा क्रम पाहते.